दुधाचे वीस दात आणि दाताचा नसलेला एक ताप

14 जुलै 2025 ला लेकीची वरची उजवी शेवटची दाढ हिरडीबाहेर डोकावली आणि वीस दुधाचे दात पूर्ण झाले. पहिला दात आला होता 12 सप्टेंबर 2023 ला. मधल्या काळातल्या बहुतेक तारखा माझ्याकडे लिहिलेल्या आहेत. मी एका कुरिअर कंपनीत हिशेब बघतो, खोड जात नाही. लसीकरणाच्या कार्डासोबत एक छोटी वही ठेवली होती. तीत दात कधी दिसला, त्या आठवड्यात काय काय झालं, ताप किती होता, खर्च किती झाला, एवढंच टिपलेलं आहे.

आमच्या इमारतीच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "बाळाला ताप आहे, दाताचा असेल का?" आणि खाली दहा जण लिहितात, "हो, दातच." ती वही पुन्हा चाळताना वाटलं की या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तारखांमध्येच आहे. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. आमच्या परळच्या डॉक्टरबाईंनी आणि दंतरुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं ते, आणि घरात घडलं ते.

लेक जन्मली 10 फेब्रुवारी 2023 ला. जूनमध्ये, म्हणजे चार महिन्यांची असताना, लाळ गळायला लागली. दिवसाला सहा-सहा लाळेरी बदलायची, हनुवटीखाली लाल पुरळ. आई म्हणाली, "दात येतायत." मुठी तोंडात कोंबणं चालू होतंच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मीही रोज बोट फिरवून बघायचो. काही नाही. त्या महिन्यात दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं की या वयात लाळेच्या ग्रंथी जोमाने काम करू लागतात आणि बाळाला ती गिळण्याचा सराव नसतो, म्हणून ती बाहेर येते. त्याच सुमारास हात तोंडात घालणंही सुरू होतं. यातलं काहीही दात दाराशी आल्याची खूण नाही. आमच्याकडे लाळ जूनमध्ये आणि दात सप्टेंबरमध्ये, हेच झालं. पुरळावर उपाय साधा होता. चोळायचं नाही, मऊ सुती कापडाने टिपायचं, आणि झोपण्याआधी हनुवटीला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यायचा. चाळीस रुपयांची डबी महिनोन्‌महिने पुरली.

12 सप्टेंबरला बायको नाचणीची पेज भरवत होती आणि स्टीलचा चमचा खालच्या हिरडीला लागून टक् वाजला. खालचा डावा पटाशीचा दात. त्याच्या आधीचे तीन दिवस लेक किरकिर करत होती, स्तनपान करताना मध्येच सोडून रडायची, रात्री दोनदा जास्त उठली. काखेतला ताप 99.2. दात दिसल्यानंतर दोन दिवसांत सगळं थंडावलं. शेजारचा उजवा दात गणपतीत आला. 19 सप्टेंबरला चतुर्थी होती, लालबागेत ढोल आणि लाउडस्पीकरपुढे कुणाची किरकिर ऐकू येत नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दाताच्या नोंदी अर्धवट आहेत.

आता क्रम सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बहुतेक बाळांना आधी खालचे मधले दोन पटाशीचे दात येतात, साधारण 6 ते 10 महिन्यांत. मग वरचे मधले दोन, 8 ते 12 महिन्यांत. त्यांच्या बाजूचे वरचे दोन 9 ते 13 महिन्यांत आणि खालचे दोन 10 ते 16 महिन्यांत. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आसपास समोरचे सहा-आठ दात दिसतात. यानंतर लोक सुळ्यांची वाट बघतात, पण सुळे येत नाहीत. मध्ये जागा सोडून पहिल्या दाढा येतात, 13 ते 19 महिन्यांत. सुळे त्या रिकाम्या जागेत नंतर येतात, 16 ते 23 महिन्यांत. शेवटी मागच्या दाढा, 23 ते 33 महिन्यांत. आधी दाढा आणि मग सुळे, हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. तिचं म्हणणं, पोरीचे दोन दात "राहून गेले".

क्रम थोडा इकडेतिकडे झाला तर त्यात आजार नसतो. माझ्या बहिणीच्या मुलाचे वरचे दात आधी आले. आपल्याकडे वरचा दात आधी आला की मामाला जड, असं म्हणतात, आणि तो मामा मीच. बहिणीच्या सासरकडून चांदीच्या वाटीची आठवण मला दोनदा झाली. वाटी दिली, कारण वाद घालण्यापेक्षा ती स्वस्त पडली. उशिराचंही तसंच. वर्ष झालं आणि एकही दात नाही, असं दिसलं तर दंतवैद्याला एकदा दाखवायला हरकत नाही, पण घाबरायचं कारण नसतं. घरात आई-वडिलांचे दात उशिरा आले असतील तर तेही सांगावं. दीड वर्षापर्यंत एकही दात नसेल तर मात्र तपासणी टाळायची नाही.

पहिल्या दाताबरोबर सल्ले आले. शेजारच्या काकूंनी टाकणखाराची लाही मधात खलून आणून दिली, हिरडीवर चोळायला. त्यांनी स्वतःच्या तिन्ही मुलांना लावली होती, आणि त्या प्रेमाने आणून देत होत्या. डॉक्टरबाईंना फोनवर विचारलं तर त्यांचं उत्तर ठाम होतं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो बाळाच्या पोटात गेला तर विषारी ठरतो. आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. मेडिकलवाल्याने सुचवलेली हिरडी बधिर करणारी जेलही त्यांनी नाकारली. अशा जेलमध्ये बेंझोकेन असतं, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद अचानक घटू शकते, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने 2018 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ती वापरू नका असं स्पष्ट बजावलंय. शिवाय लाळेबरोबर ती मिनिटभरात वाहून जाते, त्यामुळे उपयोगही फारसा नाही. काकूंना काय सांगायचं हा प्रश्न उरला. बायकोने सांगितलं, "डॉक्टरांनी वर्षभर मध बंद ठेवलाय." काकूंनी ते मानलं.

आमच्याकडे चाललं ते असं. स्वच्छ धुतलेला सुती रुमाल ओला करून फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, अर्धा तास ठेवायचा आणि आपल्या समोर चावायला द्यायचा. किंवा हात धुऊन बोटाने हिरडी दाबून चोळायची. गाजराचा तुकडा देऊ नका. समोरचे दोन दात आले की बाळ तुकडा तोडू शकतं, पण दाढा नसल्याने चावू शकत नाही, आणि तो घशात अडकतो.

ऑक्टोबरअखेर आणि दिवाळीच्या आठवड्यात वरचे मधले दोन दात आले. या वेळीही तीन-चार दिवस आधी चिडचिड, दात दिसल्यावर शांतता. 17 नोव्हेंबरला महापालिकेच्या दवाखान्यात नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली. जाताना कार्ड न्या आणि शिक्का मारताना तारीख नीट वाचा. ती तारीख पुढे कामाला आली.

7 डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी पाळणाघरातून आणताना लेक गरम लागली. घरी थर्मामीटरने 102.4. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. दूध कमी प्यायली आणि एकदा उलटी झाली. वरच्या हिरडीत मधल्या दातांच्या दोन्ही बाजूंना फुगवटे स्पष्ट दिसत होते, पांढुरके. आई म्हणाली, "बघ, दोन्ही दात एकदम जोर करतायत." चिपळूणहून सासूबाईंचा फोन आला, त्यांचंही तेच. आणि खरं सांगायचं तर तो फुगवटा बघून कुणालाही तेच वाटलं असतं.

डॉक्टरबाईंनी पहिल्या दाताच्या वेळी एक आकडा सांगून ठेवला होता, 100.4. दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं, पण थर्मामीटर 100.4 च्या वर गेला की तो दाताच्या नावावर लिहायचा नाही. दुसरं काहीतरी आहे, ते शोधायचं. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तर एवढ्या तापाला त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना. आमची दहा महिन्यांची होती, डोळे उघडून बघत होती, थोडं थोडं पीत होती, म्हणून फोनवर बोलून रात्र घरी काढली.

तापाच्या औषधाबद्दल इथे थांबून सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो. लेकीचं वजन 8.2 किलो. डॉक्टरबाईंचा हिशेब होता किलोला 15 मिलीग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे साधारण 120. ज्या सिरपवर "5 मिलीत 120 मिलीग्रॅम" लिहिलंय त्याचे 5 मिली. पण घरात त्याच औषधाची 250 ची बाटली असू शकते, तिचे अडीच मिली पुरतात. आणि लहान बाळांचे ड्रॉप्स तर एका मिलीत 100 मिलीग्रॅम असतात. ते कुणी सवयीने 5 मिली दिले तर चौपटीहून जास्त डोस जातो. बाटलीवरचा आकडा वाचा, आणि बाटलीसोबतच्या मापानेच द्या. घरातला चमचा नको. दोन डोसांत सहा तास ठेवायला सांगितले होते.

शुक्रवारी सकाळी दहाला दवाखाना. फी 700 रुपये. डॉक्टरबाईंनी कान बघितले, घसा बघितला, छाती ऐकली, मान आणि टाळू तपासली, अंगावर पुरळ आहे का बघितलं. हिरडी सगळ्यात शेवटी. मग विचारलं, लस कधी झाली? 17 नोव्हेंबर. गोवराच्या लसीचा ताप आला तर साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो. आम्ही त्याच्या पुढे होतो, म्हणून तेही बाद. "ताप आहे आणि कारण सापडत नाही, अशा छोट्या मुलीत मी लघवी तपासल्याशिवाय सोडत नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "पण हे दात?" त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांपासून अडीच वर्षांपर्यंत कुठला ना कुठला दात येतच असतो. कुठल्याही दिवशी तोंड उघडा, काहीतरी सुजलेलं सापडेलच. मग सगळ्याच तापांना दात कारण होतील."

हे वाक्य मला फार पटलं. जो खुलासा रोजच लागू पडतो, त्याने आजच्या दिवसाबद्दल काहीच कळत नाही. नेमकं सहाव्या महिन्यानंतर आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्यं ओसरत जातात, वरचं खाणं सुरू होतं, बाळ रांगतं आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. आजारांचा हंगाम आणि दातांचा हंगाम एकच, म्हणून दोघांची गाठ पडलेली दिसते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये झालेला, 2000 मध्ये छापून आलेला एक अभ्यास त्यांनी सांगितला. 125 बाळांच्या आई-वडिलांनी दिवसातून दोनदा ताप आणि लक्षणं नोंदवली होती, आणि 475 दात येताना पकडले. दात बाहेर यायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस, आणि नंतरचे तीन, एवढ्या आठ दिवसांतच चावणं, लाळ, चिडचिड, हिरड्या चोळणं, कान ओढणं, जागरण, घट्ट खाण्याची नावड आणि किंचित वाढलेलं तापमान अशा गोष्टी वाढलेल्या दिसल्या. 102 च्या वरचा ताप, जुलाब, उलट्या, खोकला यांचा दाताशी संबंध दिसला नाही. आणि लक्षणं बघून उद्या दात येणार असं आधीच सांगणंही जमत नव्हतं. माझ्या वहीतले तीन-चार दिवस याच्याशी जुळत होते.

आता लघवीचा नमुना. दवाखान्याच्या खालच्या लॅबमध्ये त्यांनी चिकटवायची पिशवी पुढे केली. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं होतं, कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, पिशवीतला नमुना नको. पिशवीतल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात. त्यातून रिपोर्ट स्वच्छ आला तर विश्वास ठेवता येतो, पण जंतू सापडले तर ते आतले की बाहेरचे, कळत नाही, आणि बाळ विनाकारण दहा दिवस अँटिबायोटिक घेतं. मधल्या धारेची लघवी निर्जंतुक डबीत झेलायची होती. नर्सने युक्ती दाखवली. बाळाला आधी दूध पाजा, अर्ध्या तासाने जागा नुसत्या पाण्याने समोरून मागे अशी धुवा, एकजण बाळाला बगलेत धरून उभं राहील आणि दुसरा गार पाण्यात भिजवलेल्या गॉजने ओटीपोटावर, मूत्राशयाच्या जागी, हळूहळू गोल चोळेल. डबी उघडी तयार. आमच्या बाबतीत पहिला प्रयत्न माझ्या शर्टावर गेला, नंतर जमलं. डबीला आतून बोट लावायचं नाही, आणि तासाभरात लॅबमध्ये पोहोचवायची. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुना दिल्यावरच, हे त्यांनी दोनदा बजावलं. आधी दिलं तर कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि मग काहीच सिद्ध होत नाही.

लॅबच्या फॉर्मवर बाळाचं नाव लिहिताना जन्माच्या फाइलवरचं "बेबी ऑफ" नाव लिहू नका, जन्मदाखल्यावरचंच लिहा. आमच्या नमुन्यावर एक नाव आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर दुसरं, असं झालं आणि पुढे एका काउंटरवर दाखल्याची प्रत आणायला मला घरी पळावं लागलं. लघवीची साधी तपासणी 200 रुपये, कल्चर 850.

साध्या तपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी सहाला आला. पू-पेशी भरपूर, नायट्राइट पॉझिटिव्ह, म्हणजे लघवीच्या संसर्गाच्या खुणा. त्यावरून डॉक्टरबाईंनी अँटिबायोटिक सिरप सुरू केलं, दहा दिवसांचं. रविवारी सकाळी ताप गेला. सोमवारी, 11 डिसेंबरला कल्चरचा रिपोर्ट: ई. कोलाय, मिलीला एक लाखाच्या वर. खाली कुठलं औषध चालतं याची यादी असते. आमचं चालू असलेलं त्या यादीत चालणारं होतं, म्हणून बदल नाही. ताप गेला तरी कोर्स पूर्ण केला. दोन वर्षांच्या आत तापासकट लघवीचा संसर्ग झाला तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घेतात, म्हणून तीही झाली, 1,400 रुपये, आणि सगळं व्यवस्थित निघालं. बाहेरच्या तपासण्या असल्याने मेडिक्लेममधून काही मिळालं नाही.

आणि ते दोन दात? पहिला हिरडीबाहेर आला 19 डिसेंबरला. तापानंतर बारा दिवसांनी. आठ दिवसांच्या खिडकीच्या पार बाहेर. त्या सुजलेल्या हिरड्यांचा तापाशी काही संबंध नव्हता, त्या आपल्या त्यांच्या गतीने चालल्या होत्या. आईला वही दाखवली. ती म्हणाली, "आमच्या वेळी थर्मामीटर कुठे होते." तेही खरंच.

फेब्रुवारीत पहिल्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी जुलाब लागले, आणि खालचे बाजूचे दात नेमके तेव्हाच येत होते. एकदा-दोनदा शी जरा पातळ झाली, तर त्याकडे बघत बसता येतं. इथे दुपारपर्यंत पाच वेळा पाण्यासारखी झाली. दात आहेत म्हणून जुलाब सोसू द्यायचे, ही आपल्याकडची समजूत जास्त धोक्याची आहे, कारण एवढ्याशा अंगातलं पाणी लवकर संपतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, सगळं एकदम विरघळवायचं, अर्धं पाकीट अंदाजाने नाही. प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याने. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं त्याच्या जागी चालत नाहीत, जास्त साखरेने जुलाब वाढतात. सोबत डॉक्टरांनी झिंक 14 दिवस दिलं. स्तनपान चालू ठेवायचं होतं. सहा तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, बाळ मलूल पडलंय किंवा शीमध्ये रक्त दिसतंय, यातलं काही झालं तर थेट रुग्णालयात, असं लिहून दिलं होतं. आमचं घरीच निभावलं. तीन दिवसांत शी घट्ट झाली. त्या दोन दातांपैकी एक त्याच आठवड्यात आला, दुसरा मार्चमध्ये.

एकदा मात्र खरोखर दातच होता, आणि तोच सगळ्यात भयंकर दिसला. 20 मे 2024, मतदानाचा दिवस. घरी सगळे होते. दुपारी लेक खदखदून हसली आणि खालच्या हिरडीवर मागे मोठा काळसर निळा फोड दिसला, तुरीच्या दाण्याएवढा. ताप नाही, खात होती. दुसऱ्या दिवशी मुंबई सेंट्रलला महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात गेलो. सकाळी लवकर जा. आधी केसपेपर काढायचा, मग बाल दंतरोग विभागात पाठवतात. केसपेपरचे पैसे किरकोळ आहेत, सुटे ठेवा. थांबावं लागतं, म्हणून दूध-खाऊ सोबत असू द्या. बाळाला तपासताना पालकाच्या मांडीवरच आडवं करतात, डोकं डॉक्टरांच्या मांडीवर आणि पाय आपल्या कमरेशी. रडली, पण रडताना तोंड आपोआप उघडं राहतं, डॉक्टर म्हणाले ते बरंच असतं.

तो फोड म्हणजे वर येणाऱ्या दाढेवर साचलेलं थोडं पाणी आणि रक्त. दाढ वर आली की आपोआप फुटतो. टोचायचा नाही, दाबायचा नाही, औषध नाही. पू दिसला, गाल सुजला किंवा ताप आला तरच परत यायचं. आठवडाभरात दाढेची टोकं त्यातून वर आली. याच भेटीत त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दिवसातून दोनदा घासायला सांगितलं, आणि दात आल्यावर रात्रभर बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर बाळ वर्षाचं व्हायच्या आत, दंतवैद्याला दाखवायचं असतं. आमचा सोळावा महिना चालू होता. ओरडले नाहीत, नोंद केली.

सुळे ऑगस्ट 2024 मध्ये आले. त्या वेळी कान ओढायची. ताप नव्हता, म्हणून थांबलो, चार दिवसांत थांबलं. कान ओढण्याबरोबर ताप असता तर मी दात म्हटलं नसतं, कान तपासून घेतले असते. शेवटच्या दाढा एप्रिल ते जुलै 2025 मध्ये आल्या. तेव्हा लेक बोलत होती, गालाला हात लावून "इथे" म्हणायची, त्यामुळे कोडं उरलं नव्हतं. रात्री झोपमोड झाली, पण वहीत 99.4 च्या वरचा ताप एकदाही नाही.

आता पुढचा दात साधारण सहाव्या वर्षी, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे. तो कुठलाही दात न पडता गुपचूप येतो, म्हणून पालक त्याला दुधाचाच समजतात आणि किडला तरी "पडेलच" म्हणून सोडून देतात. तो कायमचा असतो. वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलंय: 2029, मागची दाढ, बघणे.